मूत्रपिंडात वायू दिसतो तेव्हा

सोनोग्राफीच्या अहवालात एक वाक्य वारंवार आढळते : ‘पोटातील वायूमुळे हा भाग स्पष्ट दिसू शकला नाही.’ बहुतेक वेळा त्या वाक्यात काळजीचे कारण नसते. आतड्यांत वायू असायचाच. परंतु रुग्णाला मधुमेह आहे, थंडी वाजून ताप येत आहे आणि न दिसलेला भाग मूत्रपिंडाचा आहे, अशी परिस्थिती असेल तर ते वाक्य पुन्हा एकदा वाचले पाहिजे. तो वायू आतड्यातला नसून मूत्रपिंडातलाच असण्याची शक्यता असते. मीच एकदा हे वाक्य वाचून अहवाल बाजूला ठेवला होता. त्या रुग्णाची हकीकत आज आपणांस सांगणार आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

रुग्ण होत्या सदुसष्ट वर्षांच्या एक गृहिणी. घरात सारेच त्यांना आक्का म्हणत, म्हणून आपणही तसेच म्हणू. मधुमेह सोळा वर्षांचा. गोळ्या नियमित, पथ्य मात्र सणावारी सुटणारे. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी शेवटची झाली तेव्हा तिचा आकडा १०.८ आला होता. वर्षातून एकदोनदा लघवीची जळजळ होई आणि पाच दिवसांच्या गोळ्यांनी ती थांबे.

एका सोमवारी संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. “डॉक्टर, आक्काला परत लघवीचा त्रास सुरू झालाय. अंगात कणकणपण आहे. मागच्या गोळ्या देऊ का?” मी त्या गोळ्या द्यायला सांगितल्या. लघवीची तपासणी करून घ्या, असे म्हणालो, पण गोळी सुरू करण्यापूर्वी लघवीचा नमुना द्या, असा आग्रह धरला नाही. ही माझी पहिली चूक.

बुधवारी सकाळी कळले की ताप हुडहुडी भरून येत आहे, डाव्या कुशीत दुखते आहे आणि दोन उलट्या झाल्या आहेत. मी सोनोग्राफी करायला सांगितली. दुपारी अहवाल आला. उजवे मूत्रपिंड व्यवस्थित होते. मूत्रमार्गात खडा किंवा अडथळा नव्हता. डाव्या मूत्रपिंडाचा वरचा भाग ‘आतड्यातील वायूमुळे’ नीट दिसला नव्हता. खडा नाही, अडथळा नाही, एवढेच मी मनात नोंदवले आणि प्रतिजैविक बदलून दिले. ही दुसरी चूक.

गुरुवारी सकाळी आक्कांना दोघांनी धरून दवाखान्यात आणले. ताप १०२.४, नाडी मिनिटाला ११८, रक्तदाब ९४/६० आणि ग्लुकोमीटरवर साखर ४३८. आदल्या रात्रीपासून लघवी अगदी थोडी झाली होती. मी नाव विचारले ते त्यांनी सांगितले, पण वार विचारला तेव्हा त्या माझ्याकडे नुसत्या पाहत राहिल्या. डाव्या बाजूला पाठीवर, शेवटच्या बरगडीच्या खाली हलकेच थोपटले तेव्हा मात्र त्या कळवळल्या. शिरेतून सलाइन सुरू केले आणि त्याच बाटलीसह त्यांना सांगलीला पाठवले. तिथे तासाभरात पोटाचा सीटी स्कॅन झाला आणि निदान समोर आले : एम्फिसेमॅटस पायलोनेफ्रायटिस.

नाव अवघड असले तरी त्यातील अर्थ सरळ आहे. पायलोनेफ्रायटिस म्हणजे मूत्रपिंडाचा जंतुसंसर्ग आणि एम्फिसेमॅटस म्हणजे वायूने फुगलेला. मूत्रपिंडात जंतू वाढतात, तेथील मांस कुजू लागते आणि त्या कुजण्यातून वायू तयार होतो. हा आजार झालेल्या रुग्णांपैकी बहुतेकांना मधुमेह असतो आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा बरेच अधिक असते.

हा वायू बाहेरून आत शिरत नाही, तो आतच निर्माण होतो. इडलीचे पीठ रात्रभर ठेवले की ते फुगते, कारण त्यातील सूक्ष्मजीव पिठातील शर्करा आंबवतात आणि वायू सोडतात. मूत्रपिंडात घडते ते याच जातीचे आहे. लघवीच्या संसर्गात सर्वाधिक सापडणारा ई. कोलाय आणि त्याचा जोडीदार क्लेब्सिएला हे दोन्ही जंतू ग्लुकोज आंबवून कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन तयार करू शकतात. रक्तातील साखर चारशेच्या पुढे असते तेव्हा मूत्रपिंडाच्या मांसात त्यांना हवा तेवढा शिधा मिळतो. शिवाय दीर्घकाळच्या मधुमेहाने तेथील बारीक रक्तवाहिन्या आधीच अरुंद झालेल्या असतात. त्यामुळे मांसाला प्राणवायू कमी मिळतो, संसर्गाशी लढणाऱ्या पेशी कमी पोचतात आणि तयार झालेला वायू वाहूनही नेला जात नाही. तो तिथेच साठतो, आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांवर दाब आणतो आणि रक्तपुरवठा आणखी घटतो. हे चक्र काही तासांत वेग घेऊ शकते. मूत्रवाहिनीत खडा अडकून लघवी तुंबलेली असेल, तर ते आणखी लवकर फिरते.

आता स्कॅनकडे येऊ, कारण या आजाराचे निदान लक्षणांवरून होत नाही. ताप, कुशीत दुखणे, उलट्या ही लक्षणे मूत्रपिंडाच्या साध्या संसर्गातही असतात. रक्त आणि लघवीच्या तपासण्या संसर्ग किती तीव्र आहे ते सांगतात, वायू आहे की नाही ते सांगत नाहीत. तो डोळ्यांनीच पाहावा लागतो.

सोनोग्राफी ध्वनिलहरींवर चालते आणि वायू हा ध्वनिलहरींचा अडसर आहे. तपासणीपूर्वी पोटावर थंडगार जेली लावतात, ती यंत्र आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा थर राहू नये म्हणूनच. लहरी वायूवर आदळल्या की माघारी फिरतात. पडद्यावर तिथे एक पांढरी चमकदार रेघ उमटते आणि तिच्या मागचे सारे मळकट सावलीत जाते. मूत्रपिंडातील वायूही असाच दिसतो आणि शेजारच्या आतड्यातील वायूही असाच दिसतो. कधी ती चमक खड्याचीही वाटते. आक्कांच्या बाबतीत नेमके हेच झाले होते. मूत्रपिंड वायूमुळे दिसले नाही हे खरे होते, फक्त तो वायू मूत्रपिंडाच्या पुढे नव्हता, मूत्रपिंडात होता. तपासणाऱ्याला तीव्र तापाची आणि साखरेची कल्पना दिलेली असेल, तर तो रुग्णाला कुशीवर वळवून पाठीकडून पुन्हा पाहतो. माझ्या चिठ्ठीवर केवळ ‘लघवीचा त्रास’ एवढेच लिहिलेले होते.

पोटाच्या साध्या एक्स-रेमध्ये कधीकधी मूत्रपिंडाच्या जागी वायूचे ठिपके दिसतात, पण ते न दिसल्याने आजार नाही असे ठरत नाही. खात्रीची तपासणी एकच, सीटी स्कॅन. त्यात प्रत्येक ऊतीची घनता आकड्यात मोजली जाते. पाण्याचा आकडा शून्य धरलेला आहे, चरबीचा उणे शंभराच्या आसपास येतो आणि हवेचा उणे हजार. मूत्रपिंडाभोवती चरबीचे आवरण असते आणि नेहमीच्या चित्रात तेही गडदच दिसते, म्हणून क्ष-किरणतज्ज्ञ चित्राची छटा बदलून फुप्फुसासाठी वापरतात तशी लावतात. मग चरबी करडी दिसते आणि वायू कोळशासारखा काळा उठून येतो. त्याबद्दल शंका राहत नाही.

कुटुंबीयांच्या मनात येणारी एक भीती येथेच दूर करतो. सीटीसाठी शिरेतून देतात त्या रंगद्रव्याने मूत्रपिंडाला इजा होईल, ही चिंता क्रिएटिनिन वाढलेल्या रुग्णाबाबत रास्त आहे. पण वायू शोधण्यासाठी रंगद्रव्याची गरजच नसते. साधा सीटी स्कॅन काही मिनिटांत होतो आणि पुरेसा असतो. ‘क्रिएटिनिन जास्त आहे, तेव्हा सीटी नको’ असे म्हणून या रुग्णाचा स्कॅन लांबवू नये.

स्कॅनमध्ये वायू सापडला की पुढचा प्रश्न असतो तो कुठवर पसरला आहे हा. तैवानमधील हुआंग आणि त्सेंग या दोन डॉक्टरांनी ४८ रुग्णांचा अभ्यास करून २००० साली मांडलेली वर्गवारी आजही सर्वत्र वापरली जाते. पहिल्या वर्गात वायू केवळ लघवी गोळा होणाऱ्या पोकळीत असतो, मूत्रपिंडाचे मांस शाबूत असते. दुसऱ्या वर्गात तो मांसात शिरलेला असतो, पण मूत्रपिंडाच्या बाहेर गेलेला नसतो. तिसऱ्या वर्गात वायू किंवा पू मूत्रपिंडाची वेस ओलांडतो. भोवतालच्या चरबीपर्यंत गेला तर तीन-अ आणि त्याही पलीकडे पसरला तर तीन-ब. चौथ्या वर्गात दोन्ही मूत्रपिंडे बाधित असतात, किंवा काम करणारे एकुलते एक मूत्रपिंडच बाधित असते.

त्याच अभ्यासातून धोक्याच्या चार खुणाही पुढे आल्या : प्लेटलेट घटणे, मूत्रपिंडाचे काम एकाएकी मंदावणे, शुद्ध हरपू लागणे आणि रक्तदाब कोसळणे. तिसऱ्या किंवा चौथ्या वर्गातील रुग्णात यांपैकी दोन किंवा अधिक खुणा एकत्र असतील, तर नुसत्या नळीने भागण्याची शक्यता कमी होते.

आक्कांचा स्कॅन तीन-अ वर्गातील होता. डाव्या मूत्रपिंडाच्या वरच्या अर्ध्या भागात वायू आणि त्याच्या बाहेर चरबीत पुवाची पिशवी. प्लेटलेट ७२ हजार, म्हणजे किमान अपेक्षित दीड लाखाच्या निम्म्याहून कमी. क्रिएटिनिन ३.१, जे चार महिन्यांपूर्वी १.२ होते. भान हरपत चाललेले. तीन खुणा स्पष्ट होत्या, आणि रक्तदाब सलाइनवर कसाबसा शंभराला टेकला होता.

तेथील युरॉलॉजिस्टने सांगितले की आजच रात्री पाठीतून नळी घालून पू आणि वायू बाहेर काढावा लागेल आणि तेवढ्याने भागले नाही तर मूत्रपिंड काढावे लागेल. मुलाने मला फोन लावला. त्याचा प्रश्न मला अजून आठवतो. “डॉक्टर, भारी अँटिबायोटिक चालू केलंय म्हणतात. मग लगेच भोकं पाडायची काय गरज? दोन दिवस वाट बघून चालणार नाही का?”

हा प्रश्न कोणत्याही घरात येईल, म्हणून त्याचे उत्तर नीट समजून घ्यावे. शिरेतून दिलेले औषध रक्तावाटे प्रवास करते. जिथे रक्त पोचते तिथेच औषध पोचते. या आजारात जो भाग कुजलेला असतो, तेथील रक्तवाहिन्या बुजलेल्या असतात. पुवाच्या पिशवीला तर स्वतःच्या रक्तवाहिन्याच नसतात. औषध कितीही भारी असले तरी ते काठावर थांबते आणि आत कोट्यवधी जंतू वाढत राहतात. तिथून त्यांचे विष रक्तात झिरपत राहते, म्हणून रक्तदाब पडतो, प्लेटलेट घटतात आणि भान हरपते. नळी आत गेली की दाब उतरतो, जंतूंचा साठा बाहेर येतो आणि मूत्रपिंडाच्या जिवंत उरलेल्या भागाला पुन्हा रक्त मिळू लागते. मगच औषधाला काम करता येते. औषध आणि नळी यांतून एक निवडायचे नसते, दोन्ही एकमेकांवाचून अपुरी असतात.

याला आकड्यांचाही आधार आहे. निरनिराळ्या देशांतील रुग्णांच्या नोंदी एकत्र करून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात असे दिसले की ज्यांना केवळ औषधे दिली त्यांतील सुमारे निम्मे दगावले. औषधांसोबत नळीने निचरा केलेल्यांत हे प्रमाण शंभरात तेरा-चौदा होते, तर तातडीने मूत्रपिंड काढलेल्यांत शंभरात पंचवीस. हे आकडे सावधपणे वाचावेत. तातडीची शस्त्रक्रिया ज्यांच्यावर होते ते बहुधा आधीच अधिक अत्यवस्थ असतात. शिवाय आता निदान लवकर होते, त्यामुळे पहिल्या वर्गातील आणि दुसऱ्या वर्गातील सौम्य रुग्ण औषधांवरही बरे होऊ शकतात, मात्र रुग्णालयात आणि रोजच्या देखरेखीखाली. पण वायू पसरलेला असताना नुसत्या औषधावर विसंबून वाट पाहणे हा महागात पडणारा जुगार आहे, एवढा निष्कर्ष पक्का आहे.

मी मुलाला म्हणालो, “वाट पाहायचे दोन दिवस माझ्याकडे संपले. आज सही करा.” त्याने सही केली.

नळी घालण्याची ही क्रिया ऐकताना वाटते तेवढी भयंकर नसते. पूर्ण भूल लागत नाही. रुग्णाला पालथे किंवा कुशीवर झोपवून पाठीची जागा बधिर करतात. सोनोग्राफीत किंवा सीटीत पाहत एक लांब सुई पुवापर्यंत नेतात, सुईतून बारीक तार सोडतात आणि तारेवरून नळी सरकवतात. नळीचे आतले टोक डुकराच्या शेपटीसारखे वळते, म्हणून तिला पिगटेल म्हणतात. त्या वेटोळ्यामुळे ती सहसा निसटत नाही. नळीची जाडी फ्रेंच या मापात सांगतात, तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर. आक्कांना १४ फ्रेंचची, म्हणजे पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास जाडीची नळी घातली, कारण बारीक नळी दाट पुवाने तुंबते. पहिला पू तपासणीला जातो आणि कोणते औषध लागू पडेल ते त्यावरून दोनतीन दिवसांत कळते. अडथळा खड्याचा असेल तर मूत्रवाहिनीत आतून डीजे स्टेंट घालून, किंवा पाठीतून मूत्रपिंडात नळी घालून लघवीची वाट मोकळी करतात.

रुग्णालयात जवळ बसणाऱ्या माणसाने या नळीकडे लक्ष द्यावे. पिशवीत रोज किती मिलिलिटर जमले आणि त्याचा रंग कसा होता हे लिहून ठेवावे. कालपर्यंत शंभर मिलिलिटर येत होते आणि आज एकदम काहीच आले नाही, तर पू संपला असे गृहीत धरू नये. नळी तुंबली असेल, मुडपली असेल किंवा सरकली असेल. परिचारिकेला तत्काळ सांगावे. नळी सलाइनने धुण्याचे काम त्यांचे आहे, आपण हात लावू नये. कूस बदलताना पिशवी आधी मोकळी करून घ्यावी, पलंगाला अडकलेली नळी ओढली जाऊन बाहेर येऊ शकते.

निचऱ्याचा गुण येतो आहे की नाही, हे पहिल्या दोनतीन दिवसांत ठरते. ताप उतरू लागला, नाडी शंभराच्या खाली आली, लघवी वाढली, प्लेटलेट चढू लागल्या आणि माणूस ओळखीचे बोलू लागला, तर मार्ग बरोबर आहे. मग काही दिवसांनी सीटी पुन्हा करतात. वायू कमी झाला असेल तर नळी तशीच ठेवून औषधे चालू राहतात. एखादी वेगळी पिशवी उरली असेल तर तिच्यासाठी दुसरी नळी घालतात. औषधांचा कालावधी बहुधा काही आठवड्यांचा असतो.

आक्कांच्या बाबतीत पहिल्या रात्री नळीतून वायूचे बुडबुडे आणि दीडशे मिलिलिटर पू आला. इन्शुलिन शिरेतून चालू राहिले आणि साखर दुसऱ्या दिवशी दोनशेच्या खाली आली. शनिवारी सकाळी त्यांनी नातवाचे नाव घेतले तेव्हा घरच्यांना हायसे वाटले. पण त्याच संध्याकाळी ताप पुन्हा १०३ वर गेला आणि रक्तदाब टिकवण्यासाठी औषध सुरू करावे लागले. रविवारी सीटी पुन्हा झाला. पुवाची पिशवी रिकामी होती, नळी जागेवर होती, तरीही वायू आता मूत्रपिंडाच्या खालच्या टोकापर्यंत पोचला होता. याचा अर्थ असा की मूत्रपिंडाचे बहुतेक सारे मांसच मृत झाले होते. पू नळीतून वाहतो, मृत मांस वाहत नाही. ते कापूनच काढावे लागते. त्या दुपारी रक्त आणि प्लेटलेट चढवून डावे मूत्रपिंड काढले.

‘मग पहिल्याच दिवशी का नाही काढले? नळीचा खर्च आणि त्रास तरी वाचला असता,’ असे नंतर नातेवाइकांपैकी एकाने विचारले. तसे नाही. पूर्वी या आजारात मूत्रपिंड लगेच काढण्याची प्रथा होती. परंतु साखर चारशेच्या वर, रक्तदाब पडलेला, प्लेटलेट घसरलेल्या, अशा शरीराला त्याच रात्री पूर्ण भूल आणि मोठी शस्त्रक्रिया सोसणे कठीण जाते. नळीने मिळालेल्या तीन दिवसांत साखर आटोक्यात आली, विषाचा भार हलका झाला आणि आक्का शस्त्रक्रिया सहन करण्याजोग्या झाल्या. शिवाय अनेक रुग्णांत नळीनेच भागते आणि मूत्रपिंड वाचते. म्हणून आज बहुतेक ठिकाणी आधी निचरा, आणि तो अपुरा पडला तर वेळ न दवडता शस्त्रक्रिया, असा क्रम धरतात. मूत्रपिंड काढण्याची वेळ आली म्हणजे आधीचे उपचार फसले असा अर्थ काढू नये.

आक्का एकविसाव्या दिवशी घरी आल्या. उजव्या मूत्रपिंडाने सर्व भार उचलला आहे आणि क्रिएटिनिन १.५ वर स्थिरावले आहे. सकाळ-संध्याकाळ त्या स्वतः इन्शुलिन घेतात. गुडघे दुखले की पूर्वी सर्रास घेत त्या वेदनाशामक गोळ्या आता बंद आहेत, कारण एका मूत्रपिंडाला त्या परवडत नाहीत. मंगळवारी किंवा बुधवारी स्कॅन झाला असता तर डावे मूत्रपिंड वाचले असते का, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. तेव्हा वायू कमी जागेत असता, एवढे मात्र नक्की.

त्या आठवड्यानंतर मी माझ्या दवाखान्याचे काही नियम बदलले. ते आपल्या घरीही लागू पडतील. मधुमेही व्यक्तीला लघवीच्या त्रासाबरोबर ताप असेल, तर मी फोनवर औषध सांगत नाही. त्याच दिवशी प्रत्यक्ष पाहतो आणि लघवीचा नमुना कल्चरला पाठवल्यावरच पहिली गोळी देतो, कारण गोळी पोटात गेल्यावर दिलेल्या नमुन्यात पुष्कळदा जंतू उगवत नाहीत. त्याच वेळी साखर, रक्तातील पेशींची गणना आणि क्रिएटिनिन तपासून घेतो. सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर ‘मधुमेह, थंडीताप, डाव्या कुशीत दुखणे’ असे स्पष्ट लिहितो. आपणही तपासणीच्या वेळी हे तोंडाने सांगावे.

कुशीत दुखते आहे, हुडहुडी भरते आहे, उलट्यांमुळे गोळी टिकत नाही, असे असेल तर घरी थांबू नये. योग्य औषध चालू असूनही दोनतीन दिवसांत ताप हटला नाही, किंवा सोनोग्राफीत मूत्रपिंड ‘वायूमुळे’ दिसले नाही, तर डॉक्टरांना थेट विचारावे : “साधा सीटी स्कॅन करायचा का?” हा प्रश्न विचारल्याने कोणत्याही डॉक्टरचा अवमान होत नाही. मला तो त्या बुधवारी कोणी विचारला असता तर मी त्यांचा ऋणी राहिलो असतो.

वयस्कर माणसांत हा आजार गुपचूप येऊ शकतो, हेही लक्षात ठेवावे. जळजळ नसते, ताप फारसा चढत नाही, कूसही विशेष दुखत नाही. आई दुपारपासून झोपूनच आहे, जेवायला नको म्हणते, भलतेच काही बोलते, एवढेच दिसते. अशा वेळी आधी ग्लुकोमीटरवर साखर पाहावी आणि सकाळपासून लघवी किती वेळा झाली ते आठवावे. साखर तीनशेच्या पुढे आहे आणि माणूस गुंगीत आहे, किंवा लघवी जवळपास थांबली आहे, तर रात्र उलटू देऊ नये. जेवण नाही म्हणून इन्शुलिन परस्पर बंद करू नये. मधुमेहाच्या काही गोळ्या मात्र अशा आजारपणात थांबवाव्या लागतात, विशेषतः लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या, ज्यांच्या नावाचा शेवट ‘ग्लिफ्लोझिन’ असा होतो त्या, आणि मेटफॉर्मिन. त्या कधी थांबवायच्या हे डॉक्टरांकडून आजच विचारून, कागदावर लिहून, गोळ्यांच्या डब्यात ठेवावे.

आक्का गेल्या महिन्यात तपासणीला आल्या होत्या. मुलाने पाकिटातून लघवीच्या कल्चरचा अहवाल काढून टेबलावर ठेवला. तापाची नुसती कणकण जाणवताच, मला फोन करण्याआधी, त्याने नमुना देऊन टाकला होता. “गोळी अजून दिली नाही,” तो म्हणाला. “आधी तुम्ही बघा.”